स्लायडिंग खिडकी जाम होते: ट्रॅक साफ करणे आणि चाकं बदलणे – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या गावी माझं ॲल्युमिनियम सेक्शनचं छोटं वर्कशॉप आहे. खिडक्या नवीन बसवण्याइतकंच काम जुन्या खिडक्या 'हालतच नाहीत' म्हणून येतं, आणि फोनवर तेच तेच प्रश्न असतात. ते इथे एकत्र केले आहेत. सगळी उत्तरं आपल्याकडे सर्रास दिसणाऱ्या दोन ट्रॅकच्या ॲल्युमिनियम खिडकीबद्दल आहेत. यूपीव्हीसीचा वेगळा प्रश्न शेवटाकडे आहे.

1. खिडकी जाम झाली की आधी काय बघायचं? सरळ चाकंच बदलून टाकू का?

थांबा. आधी पल्ला हळूहळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्या आणि कुठे अडतो ते बघा. दर वेळी एकाच जागी अडत असेल तर दोष त्या जागेवर ट्रॅकमध्ये आहे: खडा, सिमेंटचा थेंब, नाहीतर ट्रॅकच्या रुळाला पडलेला पोचा. पूर्ण लांबीभर सारखाच जड जात असेल तर ट्रॅकमधला गाळ किंवा चाकं. आणि सरकताना 'टक-टक-टक' असा ठरावीक अंतराने झटका बसत असेल, तर चाक एका बाजूने चपटं झालं आहे.

माझ्याकडे आलेल्या बऱ्याच खिडक्या नुसत्या नीट साफ केल्यावर चालू झाल्या. म्हणून आधी प्रश्न 3 प्रमाणे सफाई करा. तरीही जड वाटली तर मग प्रश्न 6 कडे या.

2. मी ट्रॅकमध्ये तेल सोडलं. दोन दिवस मस्त चालली, आता आधीपेक्षा जास्त जाम. असं का?

कारण तेलाने धूळ धरून ठेवली. आपल्याकडची काळी माती पिठासारखी बारीक उडते. कोरडी असेल तर ती ट्रॅकमध्ये नुसती पडून राहते. तेलात कालवली की तिचं खळीसारखं घट्ट काळं मलम होतं आणि ते थेट चाकाच्या आसाशी जाऊन बसतं. खोबरेल तर आणखी वाईट, ते थंडीत गोठतं. मशीनचं तेल, गाडीचं जळकं ऑईल, ग्रीस, सगळ्यांची गत तीच.

आता पडलंच आहे तर चिंधीला थोडं रॉकेल किंवा टर्पेंटाइन लावून ट्रॅक पुसून घ्या, मग साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. रॉकेल काचेच्या रबराला लागू देऊ नका, रबर फुगतं. हे काम करताना जवळ चूल, विडी काही नको.

3. ट्रॅक साफ करायची बरोबर पद्धत कोणती? आम्ही मगाने पाणी ओततो.

काळ्या मातीच्या गावात पाणी सगळ्यात शेवटी. ही माती ओली झाली की फुगते आणि चिकटते, हे शेतात पायाला लागलेल्या चिखलावरून तुम्हाला ठाऊकच आहे. भरलेल्या ट्रॅकमध्ये मग ओतला की वरची माती थोडी वाहून जाते, पण खालची चाकाच्या पोकळीत आणि पाणी जायच्या भोकांत जाऊन बसते आणि तिथे विटेसारखी वाळते.

पल्ला काढता येत असेल तर काढून घ्या (प्रश्न 5). नसेल तर एका बाजूला ढकला, मोकळी अर्धी बाजू साफ करा, मग दुसरी. आधी रंगाच्या एक इंची कोरड्या ब्रशने सगळं सैल करून घ्या. कोपऱ्यात बसलेले ढेकळं बांबूच्या चिपेने किंवा आइस्क्रीमच्या काडीने फोडा. स्क्रूड्रायव्हर वापरू नका. त्याने रुळाच्या कडेवर ओरखडा पडतो आणि पुढे चाक नेमकं तिथेच अडतं. सुटलेली माती सायकलच्या पंपाने उडवा किंवा व्हॅक्यूमने ओढा. पंप मारताना तोंडाला रुमाल बांधा, आणि हवा बाहेरच्या दिशेने मारा, नाहीतर सगळं घरात.

ट्रॅक कोरडाच जवळपास स्वच्छ दिसायला लागला की मगच ओलं फडकं चिपेभोवती गुंडाळून दोन-तीन वेळा पुसा. फडकं काळं निघायचं थांबलं की झालं. तासभर वाळू द्या.

शेवटी रुळाच्या माथ्यावर सिलिकॉन स्प्रे फडक्यावर घेऊन पुसायचा, थेट मारायचा नाही. स्प्रे नसेल तर पांढरी मेणबत्ती रुळावर एकदा घासली तरी चालते. पण पश्चिमेच्या खिडकीवर मे महिन्यात ॲल्युमिनियमला हात लावता येत नाही इतकं तापतं, तिथे मेण मऊ होऊन धूळ धरतं. तिथे सिलिकॉनच बरा.

4. पाऊस आला की ट्रॅक भरून पाणी घरात येतं आणि नंतर खिडकी जाम होते. या दोन्हीचा संबंध आहे का?

थेट संबंध आहे. खालच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूने बारीक भोकं किंवा खाचा असतात, पाणी तिथून बाहेर पडायला. ती बुजली की पाणी साचतं, मातीचा चिखल होतो आणि चाकं त्यातच उभी राहतात.

बुजायची कारणं आपल्याकडे ठरलेली. रंगाऱ्याने रंग किंवा पुट्टी भरलेली असते, प्लास्टरवाल्याने सिमेंट लावलेलं असतं, आणि पावसाळ्यानंतर कुंभारीण माशीने तिथे मातीचं घर केलेलं असतं. बारीक तारेने बाहेरून आत टोचा. मग ट्रॅकमध्ये कपभर पाणी ओता. मिनिटभरात बाहेर गळून गेलं पाहिजे.

भोकं मुळातच नसतील (घाईच्या कामात राहून जातात) तर पाडता येतात. ट्रॅकच्या बाहेरच्या भिंतीत, तळाला लागून, दोन्ही कोपऱ्यांपासून वीतभर आत, 5 किंवा 6 मिलिमीटरचं एकेक भोक. आतल्या रुळामागचं पाणी बाहेरच्या भिंतीपर्यंत यायला दोन्ही रुळांनाही बुडाशी तशीच भोकं लागतात, फक्त ती बाहेरच्या भोकांच्या अगदी समोर येऊ देऊ नका, नाहीतर वाऱ्यासोबत पाण्याची धार सरळ आत येते. ड्रिल आडवा धरा. तळाला भोक पडलं तर पाणी भिंतीत मुरेल.

5. पल्ला बाहेर काढायचा कसा? काच फुटायची भीती वाटते.

भीती वाजवी आहे. 4 मिलिमीटर काचेचं वजन एका चौरस मीटरला 10 किलो असतं. चार बाय चार फुटाच्या खिडकीत एक पल्ला साधारण दोन बाय चार फुटाचा, म्हणजे काचच साडेसात किलोच्या आसपास. सेक्शन धरून दहा किलोचा पल्ला समजा. दोन माणसं हवीत, आणि वरच्या मजल्यावर असेल तर दोघेही आतच उभे राहा.

आधी वरच्या ट्रॅकमध्ये, किंवा पल्ल्याच्या माथ्यावर, अडवणारा स्क्रू किंवा प्लास्टिकचा ठोकळा आहे का बघा. असेल तर तो काढा. मग पल्ला अर्धवट उघडा. पूर्ण बंद असताना दोन्ही पल्ल्यांचे मधले उभे सेक्शन, ज्यांना आम्ही इंटरलॉक म्हणतो, एकमेकांत अडकलेले असतात. आता दोन्ही बाजूंनी धरून पल्ला सरळ वर उचला. तो वरच्या ट्रॅकच्या पोकळीत सेंटिमीटरभर जातो. चाकं रुळावरून सुटली की खालची बाजू आपल्याकडे ओढा आणि पल्ला खाली घ्या. आतला पल्ला आधी, बाहेरचा नंतर.

वर उचलल्यावर जागाच मिळत नसेल तर जोर करू नका. एकतर अडवणारा स्क्रू राहिला आहे, नाहीतर वरची चौकट मधोमध खाली आली आहे (प्रश्न 9). काढलेला पल्ला गादीवर किंवा दोन पोत्यांवर आडवा ठेवा. फरशीवर कोपऱ्यावर उभा ठेवाल तर काच तिथूनच तडकते.

6. चाक खराब झालं हे कसं ओळखायचं?

पल्ला न काढता एक खूण बघता येते. पल्ला बंद करत आणा आणि चौकटीला टेकायच्या आधी, बोटभर अंतर उरलं की थांबा. फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का? पल्ला वरच्या बाजूला आधी टेकत असेल आणि खाली फट राहत असेल, तर हँडलच्या बाजूचं चाक खाली बसलं आहे. उलट असेल, खाली आधी टेकून वर फट, तर इंटरलॉकच्या बाजूचं.

पल्ला काढल्यावर चाक बोटाने फिरवा. मोकळं फिरलं पाहिजे, वर-खाली हललं नाही पाहिजे. माथा चपटा, खाचेत रुळाची धार कोरली गेलेली, किंवा चाकाऐवजी चाक ज्यात बसतं ते घरच घासून चकचकीत झालेलं दिसलं, तर ते गेलं.

पण कापूसवाल्या घरात एक घोळ होतो, तो पुढच्या प्रश्नात.

7. आमच्या खोलीत दर वर्षी कापूस भरलेला असतो. त्याच खोलीची खिडकी दर वर्षी जाम. योगायोग आहे का?

योगायोग नाही. हा प्रश्न यवतमाळ, वर्धा, अमरावतीच्या बाजूने सारखा येतो, म्हणून एक काम सविस्तर सांगतो.

मागच्या फेब्रुवारीत एका शेतकऱ्याकडे गेलो. दिवाळीनंतरच्या वेचणीपासून भाव वाढायची वाट बघत कापूस खोलीत छतापर्यंत भरलेला. कापूस गाडीत भरून गेला आणि खिडकी उघडायला गेले तर हँडलच हातात आलं. घरच्यांनी आधीच दुकानातून नवी चाकं आणून ठेवली होती.

पल्ला काढला. हँडलच्या बाजूचं चाक फिरतच नव्हतं. नीट पाहिलं तर चाक आणि त्याच्या घराच्या मध्ये, आसाभोवती, करड्या रंगाची कडक अंगठी. ते कापसाचे तंतू होते. हवेतला तंतू ट्रॅकमध्ये पडतो, चाक त्याच्यावरून जातं, आणि टकळीवर सूत गुंडाळावं तसा आसावर गुंडाळला जातो. त्यात माती बसली की लाकडासारखी घट्ट. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं बेअरिंग गेलं.

ब्लेडच्या टोकाने अंगठी कापली आणि चिमट्याने ओढून काढली. इंटरलॉकच्या बाजूचं चाक तेवढ्यावर मोकळं फिरायला लागलं. हँडलच्या बाजूचं मात्र अनेक आठवडे न फिरता घासत नेलं होतं, त्यामुळे त्याला करंगळीच्या नखाएवढा चपटा डाग पडला होता. ते बदलावंच लागलं, आणि एक बदललं म्हणून दुसरंही बदललं (कारण प्रश्न 8 मध्ये). दुसऱ्या पल्ल्याची चारच महिन्यांपूर्वी बदललेली चाकं नुसती साफ केली. आणलेली एक जोडी दुकानात परत गेली.

पुढच्या हंगामासाठी सोपा उपाय: कापूस भरायच्या आधी ट्रॅकमध्ये दोन्ही रुळांच्या मधल्या जागेत जुन्या साडीची गुंडाळी दाबून बसवा, आणि खिडकी बंदच ठेवा. खोली रिकामी झाल्यावर गुंडाळी काढली की तंतू तिच्यासोबत निघतात. पाऊस यायच्या आत ती काढायला विसरू नका, नाहीतर पाणी अडेल.

8. चाकं बदलायची पद्धत सांगा. दुकानात काय मागायचं?

दुकानात 'चाक' म्हटलं तर समजतं, पण शब्द 'बेअरिंग' आहे, आणि ज्या खालच्या सेक्शनमध्ये ते बसतं त्याला 'बेअरिंग बॉटम' म्हणतात. जुनं काढून सोबत न्या. फोटोवर घेऊ नका. चाकाचा व्यास, खाच व्ही आकाराची की गोल, आणि घराची रुंदी, या तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत. अर्धा मिलिमीटर रुंद घर सेक्शनमध्ये जात नाही आणि तेवढंच अरुंद घर आत डुगडुगतं.

पल्ल्याची दोन्ही एकदम बदला. झिजलेलं आणि नवं शेजारी लावलं की पल्ला तिरपा राहतो.

काढायच्या दोन तऱ्हा आहेत. काही सेक्शनमध्ये चाकाचं घर खालून किंवा बाजूने एका स्क्रूवर धरलेलं असतं. स्क्रू काढला की घर बाहेर. आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या खिडक्यांत मात्र कोपरा उघडावा लागतो. पल्ला गादीवर आडवा ठेवा, दोन्ही उभ्या सेक्शनच्या खालच्या टोकाचे स्क्रू काढा, आणि लाकडी ठोकळा ठेवून बॉटमला हळू ठोकत खाली सरकवा. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, थोडं थोडं. काच बाकीच्या तीन बाजूंत धरलेली राहते, वरचे स्क्रू सोडवू नका. बॉटम निघालं की चाकं त्याच्या टोकांतून सरकवून काढता येतात. परत बसवताना काचेचं रबर दुमडू नका. थोडं साबणपाणी लावलं की ते सरळ बसतं.

स्क्रू गंजून फिरत नसेल तर रॉकेलचे दोन थेंब टाकून अर्धा तास थांबा. डोकं झिजलं तर ड्रिलने उडवा आणि नवा स्टेनलेस स्टीलचा लावा.

नायलॉन घ्यायचं की धातूचं? साध्या पल्ल्याला चांगलं नायलॉन पुरतं, आवाज करत नाही आणि रूळ खात नाही. पाच फुटापेक्षा उंच किंवा 5-6 मिलिमीटर काचेच्या पल्ल्याला आत बॉल बेअरिंग असलेलं घ्या. निव्वळ लोखंडी चाक मी लावत नाही. ते अडकलं की ॲल्युमिनियमचा रूळ कानशीसारखा घासतं, आणि चाक बदलता येतं, रूळ बदलायला पूर्ण चौकट काढावी लागते.

9. खिडकी पावसाळ्यात जाम होते आणि उन्हाळ्यात आपोआप मोकळी. चाकं नवीन, ट्रॅक स्वच्छ. मग काय?

मग खिडकीचा दोष नाही, घर हलतं आहे. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात भेगा पडेपर्यंत आकसते. पाया उथळ असेल तर भिंत दर वर्षी थोडी वर-खाली होते आणि चौकट तिरकी होते.

मोजून बघा. चौकटीचे दोन्ही कर्ण फितीने मोजा. चार फुटाच्या खिडकीत पाचेक मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर चौकट तिरकी झाली. उंची डावीकडे, मधोमध आणि उजवीकडे मोजा. मध्ये कमी भरली तर लिंटेल किंवा प्लास्टर वरून दाबतं आहे. आकडे पेन्सिलने चौकटीवरच लिहून ठेवा आणि मे व सप्टेंबर अशा दोन वेळी ताडून बघा. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघाली असेल तर सेक्शनवाल्याआधी बांधकाम जाणणाऱ्याला दाखवा. मी पल्ला कानशीने घासून तात्पुरता बसवून देऊ शकतो, पण उन्हाळ्यात तिथून वारा येईल.

उन्हाने ॲल्युमिनियम फुगून खिडकी अडते असंही लोक म्हणतात. चार फूट ॲल्युमिनियम 30 अंशांच्या फरकाने एक मिलिमीटरही वाढत नाही. पल्ला मुळातच अगदी घट्ट कापला असेल तरच त्याने अडेल.

10. कूलर लावलेली खिडकी जून महिन्यात बंदच होत नाही.

तीन महिने पल्ला एका जागी, त्यावर कूलरचं पाणी ठिबकतं. खारपाणपट्ट्यातलं, बोअरचं पाणी असेल तर रुळावर आणि चाकात पांढरे क्षार साचतात. त्यात नायलॉनचं चाक उन्हात एकाच जागी वजन धरून बुडाला चपटं होतं.

क्षारांवर व्हिनेगर किंवा लिंबूपाण्यात भिजवलेलं फडकं दहा मिनिटं ठेवा, ब्रशने घासा आणि पाण्याने पुसून टाका. संडास साफ करायचं ॲसिड चुकूनही नको, आणि कॉस्टिक सोडाही नको. दोन्ही ॲल्युमिनियम खातात. कूलर असताना आठवड्यातून एकदा दुसरा पल्ला तरी थोडा मागेपुढे करत जा.

11. नवीन घर, अजून राहायला गेलो नाही, तरी खिडकी जाम.

प्लास्टरचे थेंब. ओलं सिमेंट ॲल्युमिनियमवर डागही पाडतं. चिपेने खरवडा. ॲसिडबद्दल वरच्या प्रश्नात सांगितलंच. पुढच्या वेळी मिस्त्री यायच्या आधी ट्रॅकवर चिकटपट्टी लावा.

12. रूळच झिजला आहे, नवी चाकंही खडखड करतात.

थोडे ओरखडे असतील तर 400 नंबरच्या पॉलिश पेपरने लांबीच्या दिशेने हलके घासा. पोचा असेल तर पक्कडीच्या जबड्यात कापड धरून सरळ करा. धार पूर्ण गेली असेल तर रुळावर बसणारी स्टीलची पातळ टोपी मिळते, पण तिच्या जाडीएवढा पल्ला वर उठतो. वर तेवढी जागा आहे का आधी बघा, नाहीतर पल्ला बसणारच नाही.

13. यूपीव्हीसी खिडकीला हेच सगळं लागू आहे का?

सफाई आणि पाण्याची भोकं, हो. रॉकेल, थिनर, पेट्रोल मात्र अजिबात नाही, प्लास्टिक खराब होतं. यातल्या बऱ्याच पल्ल्यांना खालच्या कडेला छिद्रातून फिरवायचा स्क्रू असतो. तो फिरवून चाक वर-खाली करता येतं, म्हणजे प्रश्न 6 मधली तिरपी फट पल्ला न काढताच सुधारते. यूपीव्हीसी उन्हाने ॲल्युमिनियमच्या साधारण तिप्पट वाढतं, म्हणून 'दुपारी जाम, रात्री मोकळी' ही तक्रार इथे खरी असू शकते.

14. चाकं बदलली, खिडकी लोण्यासारखी सरकते, पण आता लॉक लागत नाही.

नव्या चाकाने पल्ला झिजलेल्या चाकाच्या मानाने दोन-तीन मिलिमीटर वर उचलला, त्यामुळे लॉकची जीभ खाचेच्या वर गेली. चौकटीवरची पट्टी सैल करून तेवढीच वर सरकवा. भोकं लांबट नसतील तर नवी पाडा.

चाकं आधीच्यापेक्षा लहान बसवली असतील तर उलटं होतं: पल्ला खाली बसतो, वर जागा जास्त उरते आणि बाहेरून कुणालाही तो उचलून काढता येतो. पल्ला बंद करून बाहेरून वर उचलून बघा. निघत असेल तर वरच्या ट्रॅकमध्ये, पल्ल्याच्या माथ्याच्या वर, एक स्क्रू असा बसवा की पल्ला सरकेल पण उचलला जाणार नाही. आणि तो कुठे बसवला ते घरात कुणाला तरी सांगून ठेवा, म्हणजे पुढच्या सफाईला प्रश्न 5 वाचून कुणी पल्ला वर ओढत बसणार नाही.